शनिवार-रविवारचा थीटा: सोमवारी सकाळी प्रीमियम किती गळायला हवा?

प्रश्न: सर, मी सिडकोत राहतो आणि निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन विकतो. शुक्रवारी बाजार बंद होताना एटीएम स्ट्रॅडल विकले, की अ‍ॅपवर दिवसाला 26 पॉइंट थीटा दिसतो. शनिवार-रविवार फुकटात पदरात पडतील असे वाटते. पण सोमवारी निफ्टी जागच्या जागी उघडला तरी जेमतेम 20-25 पॉइंट सुटतात. बाकीचा थीटा जातो कुठे? बाजार सुट्टीचे दिवस मोजतो की नाही? आणि 26 जानेवारीसारखी जोडून सुट्टी आली तर काय धरायचे?

उत्तर: बाजार सुट्टीचे दिवस मोजतो, पण पूर्ण दिवस म्हणून मोजत नाही. शनिवार आणि रविवार मिळून एका कामकाजाच्या दिवसाचा लहानसा अंश भरतो, असे धरून शुक्रवारचा प्रीमियम ठरलेला असतो. तुमचे अ‍ॅप मात्र दोन्ही दिवस सोमवार-मंगळवारच्या बरोबरीने पूर्ण मोजते. तुम्हाला जो थीटा हरवल्यासारखा वाटतो, तो शुक्रवारी दुपारी त्या प्रीमियममध्ये शिल्लकच नव्हता. तो गुरुवार-शुक्रवारीच गळून गेलेला होता आणि पडद्यावर ‘आयव्ही उतरली’ या रूपात दिसलेला होता.

याचे मूळ थीटा कशाचा मोबदला आहे यात आहे. घड्याळाचा काटा पुढे सरकला म्हणून प्रीमियम गळत नाही. एक्स्पायरीपर्यंत निर्देशांक अजून किती हलू शकतो याची किंमत म्हणजे प्रीमियम. हलण्याची जितकी शक्यता मागे पडते, तितका तो कमी होतो. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात व्होलॅटिलिटीचा वर्ग आणि काळ हे नेहमी गुणाकारानेच येतात. सूत्राला कळते ते एकूण व्हेरियन्स. तो व्हेरियन्स कोणत्या दिवसांत किती वाटला गेला आहे, हे सूत्र सांगत नाही. तो सगळ्या तासांत सारखा पसरलेला आहे, हे गृहीत सूत्राच्या बाहेरचे आहे आणि ते 365 ने भागणाऱ्या सॉफ्टवेअरने घातलेले असते.

हे गृहीत वस्तुस्थितीला धरून नाही, हे फार पूर्वी मोजले गेले आहे. केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांनी 1986 साली अमेरिकन शेअर्सची आकडेवारी तपासली. दिवस सारखे मोजायचे तर शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या बंद भावापर्यंतचा व्हेरियन्स एका दिवसाच्या तिप्पट भरायला हवा होता. प्रत्यक्षात तो नेहमीच्या एका दिवसापेक्षा सुमारे 11 टक्केच जास्त निघाला. त्याच अभ्यासातला 1968 सालचा दाखला मला अधिक बोलका वाटतो. त्या वर्षाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कागदपत्रांचा ढीग उपसण्यासाठी अनेक बुधवारी बंद ठेवला जात असे. त्या बुधवारी कारखाने, कचेऱ्या, न्यायालये सगळे चालू होते, बातम्या येत होत्या. तरीही मंगळवार ते गुरुवार या दोन दिवसांतली हालचाल दोन दिवसांइतकी भरली नाही. व्यवहार चालू असणे हेच हालचालीचे मोठे कारण आहे, असा त्याचा अर्थ.

आता तुमचेच स्ट्रॅडल घेऊ. पुढचे आकडे बाजारातून उतरवलेले नाहीत. मी गोल संख्या धरून केलेला तो हिशेब आहे. निफ्टी 25,000 वर आहे, कामकाजाच्या एका दिवसातली (बंद ते बंद) प्रमाणित हालचाल 0.7 टक्के आहे आणि शनिवार-रविवार मिळून व्हेरियन्समध्ये 0.2 दिवसाची भर घालतात, असे धरतो. एटीएम स्ट्रॅडलचा भाव साधारणपणे उरलेल्या प्रमाणित हालचालीच्या 0.8 पट असतो. म्हणून एक दिवस उरला असेल, तर तो सुमारे 140 पॉइंट येतो, आणि जास्त दिवस उरले असतील, तर 140 ला त्या दिवसांच्या वर्गमुळाने गुणायचे. सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी असते. तेव्हा शुक्रवारी बंद होताना सोमवार आणि मंगळवार हे दोन दिवस आणि सुट्टीचा 0.2 असे 2.2 दिवस उरतात. स्ट्रॅडल 207 चे झाले.

हेच 207 तुमचे अ‍ॅप वेगळ्या चष्म्यातून पाहते. शुक्रवारी साडेतीन ते मंगळवारी साडेतीन म्हणजे त्याच्या लेखी चार दिवस. 207 हा भाव चार दिवसांत बसवायचा तर आयव्ही 9.9 टक्के येते आणि रोजचा थीटा 26 येतो. ती आयव्ही तशीच राहील असे धरले, तर सोमवारी सकाळी सव्वानऊला अ‍ॅपच्या हिशेबाने स्ट्रॅडल 116 पर्यंत यायला हवे. म्हणजे विकणाऱ्याला 91 पॉइंट सुटायला हवेत.

प्रत्यक्षात सोमवारी उघडताना काय उरलेले असते? शुक्रवारच्या रात्रीची नेहमीची हालचाल आणि सुट्टीचा 0.2, एवढेच मागे पडलेले असते. एका दिवसाच्या व्हेरियन्सपैकी चौथा हिस्सा रात्रीचा धरला, तर 2.2 मधून 0.45 वजा होऊन 1.75 दिवस उरतात आणि स्ट्रॅडल 185 चे होते. म्हणजे निफ्टी जागेवरच उघडला तर 22 पॉइंट सुटतात. तुम्हाला मिळणारे 20-25 हेच आहेत. त्यांत काही गडबड नाही. गडबड 91 च्या अपेक्षेत होती.

हे 22 पॉइंटही फुकटचे नाहीत. याच गृहीतांवर, निफ्टी सोमवारी सुमारे 117 पॉइंटांच्या गॅपने, वर किंवा खाली, उघडला की तेच स्ट्रॅडल पुन्हा 207-208 ला येऊन ठेपते आणि हाती काही उरत नाही. 117 हा काही मोठा गॅप नव्हे. त्या अवधीची ती प्रमाणित हालचालच आहे. एक टक्क्याचा, म्हणजे 250 पॉइंटांचा गॅप आला तर स्ट्रॅडल 283 वर उघडते आणि 76 पॉइंटांचा तोटा होतो. 22 मिळतात ते या गॅपची जोखीम अंगावर घेतल्याचे. लासलगावचे लिलाव सुट्टीमुळे बंद असले की कांद्याचा भाव थांबल्यासारखा दिसतो, पण पाऊस थांबत नाही आणि निर्यातीचे निर्णयही थांबत नाहीत. लिलाव पुन्हा सुरू झाला की ते सगळे पहिल्या बोलीतच उतरते. सोमवारचा सव्वानऊचा भाव तसाच असतो.

मग बाकीचा थीटा गेला कुठे, हे आठवडाभराचे आकडे ओळीने ठेवले की स्पष्ट होते. बुधवारी बंद होताना 4.2 दिवस उरतात आणि स्ट्रॅडल 286 चे असते, गुरुवारी 3.2 दिवस आणि 250, शुक्रवारी 207, सोमवारी एकच दिवस आणि 140. यात कुठेही बाजाराचे मत बदललेले नाही, रोजची हालचाल शेवटपर्यंत 0.7 टक्केच धरलेली आहे. पण अ‍ॅपमधली आयव्ही बुधवारी 11.2, गुरुवारी 10.7, शुक्रवारी 9.9 आणि सोमवारी एकदम 13.4 दिसेल. गुरुवार ते शुक्रवार अ‍ॅप 26 पॉइंटांची घट सांगते, प्रत्यक्षात 43 ची होते. वरचे 17 पॉइंट हा तुम्ही शनिवार-रविवारी शोधत असलेल्या थीटाचाच एक भाग. तो गुरुवारी विकलेल्याच्या हाती शुक्रवारी पडला. शुक्रवारी दुपारी विकणाऱ्याला तो विकताच आला नाही.

‘शुक्रवारी दुपारी सगळे विक्रेते तुटून पडतात म्हणून आयव्ही पडते’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. विक्रीचा दबाव असतो हे खरे आहे; पण मुळात एकही विक्रेता घाईत नसता तरीही कॅलेंडर दिवसांवर मोजलेली आयव्ही शुक्रवारी उतरलीच असती. घाई करणारे विक्रेते फार तर ती घट थोडी आधी आणि थोडी जास्त करतात. तसेच सोमवारी आयव्ही 13 वर दिसली म्हणजे बाजार घाबरला आहे, असा अर्थ काढू नये; एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी 0.7 टक्क्याची हालचाल 365 दिवसांच्या हिशेबात घातली की तेवढीच येते.

इंडिया व्हीआयएक्समध्येही हाच परिणाम सौम्य रूपात असतो, कारण त्यातही एक्स्पायरीपर्यंतचा काळ कॅलेंडरच्या मिनिटांनी मोजतात आणि मोजमाप 30 दिवसांचे असते. शुक्रवारच्या बंदपासून पुढच्या 30 दिवसांत चार पूर्ण आठवडे आणि वर शनिवार-रविवार येतात, म्हणजे एरवी सुट्टी नसेल तर कामकाजाचे 20 दिवस. सोमवारच्या बंदपासून मोजले तर वरचे दोन दिवस मंगळवार-बुधवार असतात, म्हणजे 22 दिवस. सुट्टीचे दिवस शून्य धरले, तर केवळ या मोजणीने व्हीआयएक्स शुक्रवारपेक्षा सोमवारी सुमारे 5 टक्के वर दिसायला हवा, 13.3 चा 14. शुक्रवार ते सोमवार एवढ्या वाढीवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी हे वजा करून घ्यावे. महिनाभर लांबच्या ऑप्शनच्या भावात याहून अधिक फरक पडत नाही. हा विषय खऱ्या अर्थाने शेवटच्या आठ-दहा दिवसांचा आहे.

तुमचे अ‍ॅप कोणत्या घड्याळावर चालते हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. एटीएम स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचे प्रीमियम एकत्र करा, त्यांचे थीटाही एकत्र करा, आणि प्रीमियमच्या बेरजेला थीटाच्या बेरजेच्या दुपटीने भागा. येणारा आकडा म्हणजे अ‍ॅपच्या लेखी उरलेले दिवस. तुमच्या बाबतीत 207 ला 52 ने भागले की 4 येतात. म्हणजे ते कॅलेंडर मोजते. शुक्रवारी बंद होताना हा आकडा 2 च्या आसपास आला, तर सॉफ्टवेअर कामकाजाचे दिवस मोजते आणि त्यात थीटा 52 च्या घरात दिसेल. तो 52 एका कामकाजाच्या दिवसाचा असतो, म्हणजे शुक्रवारी बंद ते सोमवारी बंद या सबंध टप्प्याचा. त्याला तीनने गुणण्याची चूक मी आमच्या गंगापूर रोडवरच्या अभ्यासगटात पुन्हा पुन्हा पाहतो. आणखी एक गोष्ट: उरलेले दिवस इतके कमी असताना थीटा स्वतःच झपाट्याने वाढत असतो, त्यामुळे एका दिवसाचा आकडा नुसता गुणून पुढच्या दिवसांचा अंदाज काढू नये, वर केले तसे वर्गमूळ काढूनच पाहावे.

आता जोडून येणारी सुट्टी. 26 जानेवारी 2026 सोमवारी होती आणि मासिक एक्स्पायरी मंगळवारी 27 तारखेला. म्हणजे शुक्रवारी 23 तारखेला बंद होताना कॅलेंडरप्रमाणे चार दिवस उरलेले, पण कामकाजाचा दिवस एकच. इथे सोमवारच्या सुट्टीला शनिवारच्या मापाने मोजू नये असे माझे मत आहे. शनिवार-रविवारी बहुतेक सगळे जगच बंद असते. आपल्या राष्ट्रीय सुट्टीच्या सोमवारी मात्र अमेरिका, जपान, युरोपचे बाजार चालू असतात. मंगळवारी उघडताना त्यांची एका दिवसाची हालचाल आपल्याला एकदम पचवावी लागते. म्हणून शनिवार-रविवारला 0.2 आणि त्या सोमवारला एकट्याला 0.35 असे मी धरीन. मग 1.55 दिवस उरतात आणि वरच्याच गृहीतांवर शुक्रवारचे स्ट्रॅडल 174 चे होते.

अ‍ॅपमध्ये 174 ची आयव्ही 8.3 टक्के दिसेल. इथे दोन उलट दिशांच्या चुका होतात. एक जण म्हणतो, ‘8.3 म्हणजे कवडीमोल, घेऊन ठेवू.’ दुसरा म्हणतो, ‘चार दिवसांचा थीटा आहे, विकून टाकू.’ दोघांनीही एकाच चुकीच्या घड्याळाकडे पाहिलेले असते. 174 हा भाव या गृहीतांवर ना स्वस्त आहे ना महाग. विकणाऱ्यासाठी जोखमीचे स्वरूपही इथे बदलते: उरलेल्या 1.55 पैकी 0.8 दिवस, म्हणजे निम्म्याहून अधिक व्हेरियन्स, मंगळवारच्या उघडण्याच्या एकाच क्षणी येतो, आणि त्या क्षणी स्टॉप-लॉस उपयोगी पडत नाही. सुट्टीत गिफ्ट निफ्टी चालू असला तरी आपल्या बहुतेकांना तिथे हेज करता येत नाही. भाव फक्त पाहता येतो. सुट्टी मंगळवारीच आली तर एक्स्पायरी आदल्या कामकाजाच्या दिवशी होते, तेव्हा आधी कराराची एक्स्पायरीची तारीख पाहावी आणि मग दिवस मोजावेत.

सुट्टीला ठरावीक वजन देण्याच्या या पद्धतीला एक मोठा अपवाद आहे. सुट्टीतच कोणती बातमी येणार हे आधी ठाऊक असेल, तर 0.2 चा काही अर्थ उरत नाही. 1 जून 2024 हा शनिवार होता. लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून त्याच संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी निफ्टी 3.25 टक्के वर बंद झाला आणि मंगळवारी, प्रत्यक्ष निकालाच्या दिवशी, सुमारे 5.9 टक्के पडला. अशा शुक्रवारी प्रीमियम फुगलेला दिसतो, कारण तो शनिवार कामकाजाच्या अनेक दिवसांइतका जड असतो. याउलट 1 फेब्रुवारी 2025 ला, अर्थसंकल्पाच्या शनिवारी, बाजार पूर्णवेळ चालू होता. तो दिवस सुट्टीत मोजायचाच नव्हता. जानेवारी 2024 मध्ये तर शनिवार 20 तारखेला बाजार पूर्ण चालला आणि सोमवारी 22 ला बंद राहिला. कामकाजाच्या दिवसांची संख्या तीच राहिली, फक्त त्यांची जागा बदलली. पण सुट्ट्यांची जुनी यादी भरून ठेवलेल्या शीट दोन्ही दिवशी चुकल्या.

शीट स्वतः करायची असेल तर फार काही लागत नाही. उरलेले दिवस मोजायला एक्सेलमध्ये हे पुरते:

```
=NETWORKDAYS(A2,B2,Holidays)-1+W
```

`A2` मध्ये आजची तारीख, `B2` मध्ये एक्स्पायरी, `Holidays` ही एक्स्चेंजच्या सुट्ट्यांची अद्ययावत यादी आणि `W` मध्ये मधल्या सुट्ट्यांच्या वजनांची बेरीज. हे सूत्र आजचा दिवसही मोजते, म्हणून बंद भावाने हिशेब करताना एक वजा करायचा. बाजार चालू असताना आजच्या दिवसाचा उरलेला हिस्सा पुन्हा मिळवायचा.

`W` साठी माझे 0.2 उचलू नका, स्वतः मोजा. निफ्टीचे अनेक वर्षांचे बंद भाव घ्या, प्रत्येक दिवसाचा लॉग परतावा काढून त्याचा वर्ग करा आणि सोमवारच्या वर्गांची सरासरी इतर दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा. सोमवारची सरासरी इतरांच्या 1.2 पट आली तर शनिवार-रविवारचे वजन 0.2. मार्च 2020 सारखे महिने सरासरी प्रचंड ओढतात. म्हणून ते धरून आणि वगळून अशी दोन्ही उत्तरे काढावीत आणि त्यांतला फरक नजरेसमोर ठेवावा. आठवड्याच्या मधल्या सुट्ट्यांचे वेगळे मोजमाप करताना नमुना फार लहान पडतो, त्यामुळे तिथला आकडा अंदाजापलीकडे जात नाही.

बाजार स्वतः किती वजन धरतो आहे हे एका शुक्रवारच्या भावावरून काढण्याचा मोह टाळावा. 207 चा भाव आणि 0.7 टक्के हालचाल धरली की 0.2 निघते, हालचाल 0.75 टक्के धरली की तोच हिशेब वजन शून्याच्याही खाली दाखवतो. रोजच्या हालचालीच्या अंदाजातली एवढी चूक सहज होते आणि ती सुट्टीचे सगळे वजन गिळून टाकते. शुक्रवारच्या विक्रीत काही उरते का, हे पाहण्याचा विश्वासाचा मार्ग एकच आहे. दर शुक्रवारी 3.25 ला एटीएम स्ट्रॅडलचा भाव टिपायचा आणि सोमवारी त्याच स्ट्राइकचा भाव, सव्वानऊचा रुंद स्प्रेड ओसरल्यावर, साडेनऊच्या सुमारास टिपायचा. निफ्टी जागेवर राहिलेले सोमवार वेगळे न काढता गॅपचे सगळे सोमवार त्यात ठेवायचे. क्रिस्टोफर जोन्स आणि जोशुआ शेमेश यांना 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकन शेअर ऑप्शन्सचे परतावे सुट्टीच्या काळात इतर दिवसांपेक्षा खरेदीदारासाठी लक्षणीय वाईट आढळले, म्हणजे तिथे तरी भाव सुट्टीला थोडे जास्त वजन देत होते. पण ते तिथल्या शेअर ऑप्शन्सचे आणि लांब मुदतीच्या आकडेवारीचे निरीक्षण आहे. मंगळवारी संपणाऱ्या निफ्टीच्या साप्ताहिक करारात, ब्रोकरेज, एसटीटी आणि स्प्रेड वजा जाता ते उरते का, हे तुमची स्वतःची वही दोन-तीन वर्षे नीट भरली गेली तरच सांगू शकेल.